केकच्या बाजू सरळ होतात त्या आधीच, शेवटच्या थरात नाही

आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या पंचाहत्तरीचा केक माझ्याकडे आला, तेव्हा त्यांच्या मुलीने एकच अट घातली होती. वर फुलं नकोत, मणी नकोत, चॉकलेटचे ओघळ तर नकोतच. नुसता पांढरा, उभा आणि गुळगुळीत केक हवा. आत हापूस, कारण एप्रिल संपत आला होता आणि काकू देवगडच्या. ऐकायला हे सोपं वाटतं, पण घरी केक करून विकणाऱ्या कुणालाही विचारा, सजवलेला केक परवडला. पाकळ्या आणि ओघळ पुष्कळ काही पोटात घालतात. कोऱ्या केकवर झाकायला काहीच नसतं, आणि हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली बाजूला पडलेला बारीकसा खळगाही सावली टाकतो.

बहुतेक जणी अशा वेळी सगळा जीव शेवटच्या क्रीमवर लावतात. स्क्रेपर गरम करायचा, पुन्हा फिरवायचा, इथे भरायचं, तिथे खरवडायचं. माझं मत उलट आहे. वरचा थर खालच्या आकाराची नक्कल करतो, त्याहून जास्त काही तो करू शकत नाही. खाली केक वाकडा असेल तर क्रीम एका बाजूला तीन मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला दीड सेंटिमीटर लावावं लागतं, आणि जाड बाजू मुंबईच्या उकाड्यात आधी खाली सरकते. म्हणून मी वेळ घालवते तो कापण्यात आणि क्रम्ब कोटमध्ये, म्हणजे शेवटच्या क्रीमखालच्या पातळ लेपात.

या केकसाठी ६ इंची तीन स्पंज भाजले, सगळे बिनअंड्याचे. प्रत्येक टिनमध्ये ३८० ग्रॅम मिश्रण वजन करून घातलं, अंदाजाने नाही. टिनबद्दल एक गोष्ट आधीच बघून घ्यावी. स्वस्तातले पुष्कळसे टिन एकात एक बसावेत म्हणून तळाशी थोडे निमुळते असतात. त्यातला केक वर रुंद आणि खाली अरुंद निघतो, आणि असे तीन थर एकावर एक ठेवले की बाजूला पायऱ्या तयार होतात. मी क्रॉफर्ड मार्केटला टिन घ्यायला जाते तेव्हा पिशवीत सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा, काटकोन तपासायचा गुण्या असतो. ते आयुष्यभर सुतारकाम करत आले, आता निवृत्त आहेत, आणि त्यांच्या हत्यारांपैकी दोन आता माझ्या स्वयंपाकघरात नांदतात. टिनच्या तळाशी गुण्या टेकवून बाजू त्याला चिकटते का बघायचं. दुकानदार हसतो, हसू दे.

केक मधोमध फुगून घुमट का होतो, तर टिनचा पत्रा आधी तापतो आणि कडा लवकर घट्ट होतात. मधलं मिश्रण अजून पातळ असतं, त्याला वर जाण्याखेरीज वाट नसते. जुन्या टॉवेलची चार बोटं रुंद पट्टी भिजवून, पिळून टिनभोवती गुंडाळली की कडा उशिरा तापतात आणि घुमट बराच बसतो. पट्टी ओव्हनच्या रॉडला टेकणार नाही एवढं मात्र बघायचं. शिवाय मी तापमान १८० ऐवजी १६० ठेवते. भाजायला वेळ जास्त लागतो, पण कापून फेकायचं कमी राहतं.

कोमट केकला सुरी लावायची नाही. गार झाल्यावर क्लिंग रॅपमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. थंडीने लोणी आवळतं, स्पंज घट्ट होतो आणि चुरा निम्म्याहून कमी पडतो. सकाळी तिन्ही थरांच्या उंच्या मोजल्या. सगळ्यात ठेंगणा कडेपाशी ३.७ सेंटिमीटर होता, म्हणून तिन्ही साडेतीनवर कापायचे ठरवले. ठेंगण्याच्या मापाने बाकीचे कापायचे, नाहीतर केक सपाट दिसतो पण कापल्यावर आतले पट्टे कमीजास्त निघतात.

कापताना मी टूथपिक आठ ठिकाणी आडव्या टोचते, प्रत्येक पट्टीने मोजून. मग दातेरी लांब पावसुरी त्यांच्यावर आडवी टेकवून टर्नटेबल फिरवते. पहिल्या फेरीत फक्त एक रेघ पाडायची, अर्धा सेंटिमीटर खोल. दुसऱ्या फेरीत सुरी त्या रेघेतच थोडी आत जाते, तिसऱ्या फेरीत मध्यापर्यंत पोचते. हात स्थिर ठेवायचा आणि केक फिरवायचा. थेट आरपार करवतायला गेलं की सुरी पलीकडच्या बाजूला हमखास वर किंवा खाली निघते.

इथे अप्पांची पाणसळ कामाला आली. कापलेल्या थरावर ती ठेवली तर बुडबुडा एका बाजूला पळाला. मी पुन्हा कापायला सुरी उचलली, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "अगं, केकला कशाला दोष देतेस? ओटा बघ आधी." ओट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा तिथेही त्याच बाजूला. खरं तर आश्चर्य वाटायचं कारण नाही, ओट्यावरचं पाणी सिंककडे वाहावं म्हणून आमच्या गवंड्याने मुद्दाम उतार दिलेला आहे. टर्नटेबलच्या एका बाजूला घडी घातलेला जाड कागद सरकवला, बुडबुडा मधोमध आला आणि केकही सरळ निघाला. ओट्यावर काम करणाऱ्या प्रत्येकीने हे एकदा तपासावं. उतारावर उभा केलेला केक दिसायला सरळ दिसतो, टेबलावर नेला की कलतो.

थर रचताना कुठली बाजू वर हेही ठरलेलं असतं. खालचा थर कापलेली बाजू वर करून ठेवायचा, मधला कसाही चालतो, आणि सगळ्यात वरचा उलटा, म्हणजे टिनच्या तळाशी टेकलेली बाजू आकाशाकडे. ती बाजू आपोआप सपाट असते, तिच्या कडा टोकदार असतात आणि तिथून चुरा सुटत नाही.

आता बोर्ड. माझ्या पद्धतीत सगळं त्याच्यावर उभं आहे. ६ इंची टिनमधला केक गार होताना आक्रसतो, साधारण साडेचौदा सेंटिमीटरचा उरतो. ६ इंची गोल बोर्ड सव्वापंधरा सेंटिमीटरचा. केक त्याच्या बरोबर मध्यावर बसवला की चहूबाजूंनी साधारण साडेतीन-चार मिलिमीटर बोर्ड बाहेर डोकावतो. तीच माझी रेघ. स्क्रेपरचं खालचं टोक बोर्डाच्या कडेला टेकलं आणि स्क्रेपर उभा राहिला की क्रीम किती जाड हवं हे बोर्डच सांगतो, हाताने अंदाज करायला नको. बोर्डाखाली रबरी जाळीचा तुकडा टाकते म्हणजे तो टर्नटेबलवर सरकत नाही. केक मोठ्या सोनेरी बोर्डावर जातो तो सगळ्यात शेवटी.

आंब्याचं सारण म्हणजे बाजू फुगण्याला आमंत्रण. हापूसचा रस मी मंद आचेवर आटवून, डाव उभा धरला तर खाली ओघळणार नाही इतपत घट्ट केला. तरी तो मऊच. वरच्या थराचं वजन पडलं की तो बाहेर पडायला बघतो. म्हणून आधी घट्ट बटरक्रीमचा बांध घालायचा. बोटभर जाड कडं, पण केकच्या अगदी कडेला नाही, तीन-चार मिलिमीटर आत, कारण दाबल्यावर ते पसरतं. बांधाच्या आत सारण बांधापेक्षा थोडं खालीच भरायचं. मधे फुगवटा दिसला तर चमच्याने काढून टाकायचं, लोभ नको.

रचून झालं की लगेच क्रीम लावायला धावायचं नाही. नव्या केकमधली हवा आणि सारण वजनाने हळूहळू बसतात. ते आज बसले नाहीत तर उद्या फ्रॉस्टिंगखाली बसतील, आणि जिथे दोन थर भेटतात तिथे कमरेभोवती एक फुगीर वळकटी उमटेल. ती दिसली की कारण ओळखायचं: केकला बसायला वेळ दिलेला नाही. वर क्रीम चोपडून ती जात नाही. मी केक क्लिंग रॅपमध्ये गुंडाळून वर एक सपाट ताटली आणि ताटलीवर अर्ध्या किलोचं साखरेचं पाकीट ठेवून दोन-अडीच तास फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर काढला तेव्हा बांधाचं क्रीम एक-दोन ठिकाणी बाहेर आलं होतं. ते सुरीने खरवडलं. साडेतीनचे तीन थर आणि दोन सारणं मिळून उंची पावणेबाराच्या आसपास भरली.

बटरक्रीम मी ४०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी आणि ५०० ग्रॅम आयसिंग शुगरचं केलं होतं. लोणी आधी एकटंच बराच वेळ फेटलं की रंग फिका पडतो. उरलेला पिवळेपणा टूथपिकच्या टोकाएवढ्या जांभळ्या रंगाच्या ठिपक्याने मारता येतो, पण ठिपका म्हणजे ठिपका, नाहीतर केक राखाडी होतो. हे सगळं स्वयंपाकघरात शक्य नव्हतं. तिथे ३२ अंश, आणि २६-२७च्या वर गेलं की बटरक्रीम लोंबायला लागतं. त्यामुळे टर्नटेबल बेडरूममधल्या अभ्यासाच्या टेबलावर गेलं, एसी २२ वर, मुलीची वह्या-पुस्तकं पलंगावर. टर्नटेबलखाली पाणसळ पुन्हा एकदा ठेवली. पंखा बंद ठेवायचा, कारण त्याच्या वाऱ्याने क्रीमच्या पृष्ठभागावर पापुद्रा धरतो आणि स्क्रेपर फिरवला की तो फाटतो.

आता क्रम्ब कोट. चुरा धरून ठेवणारा पातळ लेप, एवढीच त्याची ओळख सांगितली जाते. ते त्याचं अर्धंच काम झालं. अप्पा दारातून बघत होते, ते म्हणाले, "हा तुझा कच्चा गिलावा. भिंत ओळंब्यात येते ती इथे, वरचा हात नुसता दिसायला." मला यापेक्षा बरं सांगता येणार नाही.

एका वेगळ्या वाडग्यात साधारण १५० ग्रॅम क्रीम काढून घेतलं. हे वाडगं आणि मोठं पातेलं यांची सोयरीक नाही. चुरा लागलेला पॅलेट नाइफ पातेल्यात एकदा गेला की पांढऱ्या केकवर तपकिरी ठिपके आलेच. या १५० ग्रॅममध्ये चमचाभर दूध घालून ते जरा सैल केलं. क्रीम घट्ट असेल तर ते स्पंजला ओढतं आणि केकची कातडीच सोलून निघते. पॅलेट नाइफवर क्रीम उचलायचं, केकला टेकवायचं आणि पुढे ढकलायचं. पातं केकला न लागता क्रीमवरच फिरलं पाहिजे. सुरुवात थरांच्या सांध्यांपासून. तिथल्या फटीत क्रीम दाबून भरलं नाही तर आत हवा अडकते, आणि केक फ्रिजमधून बाहेर आला की ती फुगून वरच्या थराला फोड आणते. बाजूला छोटा गोल फुगा दिसला तर बहुतेकदा त्याच्या मागे अशी फट असते. टाचणीने टोचून हवा काढायची आणि तिथलं क्रीम सारखं करायचं.

मग स्क्रेपर. केक बारा सेंटिमीटरचा, तर स्क्रेपर त्याहून उंच हवा. पीठ कापायचा आखूड स्क्रेपर वापरला की मधे जोड दिसतो. स्क्रेपरचा कोपराही गुण्याला लावून बघावा. माझ्याकडचा एक ॲक्रिलिकचा स्क्रेपर काटकोनात नाही, त्याने कितीही नीट हात चालवला तरी केक वर निमुळता होतो. तो आता कणीक गोळा करायला आहे. या पातळ लेपासाठी खालची कड बोर्डावर टेकवायची, उभी कड बोर्डाच्या काठाच्या जरा आत ठेवायची, आणि पातं केकशी साधारण ३०-४० अंशांत तिरकं धरायचं. अगदी काटकोनात धरलं तर ते क्रीम खणतं, पूर्ण चपटं धरलं तर नुसतं दाबतं. स्क्रेपरचा हात कोपरापासून शरीराला चिकटवून गोठवायचा आणि दुसऱ्या हाताने टर्नटेबल एका लयीत, न थांबता एक पूर्ण फेरी फिरवायचं. प्रत्येक फेरीनंतर स्क्रेपर त्या चुऱ्याच्या वाडग्यातच पुसायचा.

या केकवर एक फेरी झाल्यावर नकाशाच समोर आला. मधल्या थराजवळ एका बाजूला स्पंज उघडा पडला होता, म्हणजे तो थर तिथे दीड-दोन मिलिमीटर बाहेर होता, आणि त्याच्या बरोबर समोर क्रीम जाड साचलं होतं. थर रचताना जरासा सरकलेला. त्यासाठी क्रम्ब कोट हवाच हवा. बाहेर आलेला भाग दातेरी सुरीने खाली-वर न करता, हलकेच उभा तासला, समोरच्या खळग्यात क्रीम भरलं आणि पुन्हा एक फेरी मारली. आता केक सगळीकडून सारखाच अंधुक दिसत होता, लेपाखालून स्पंजची सावली जाणवत होती. क्रम्ब कोट पांढराशुभ्र दिसायला लागला तर तो जाड झालाय असं समजावं.

वरच्या कडेला स्क्रेपरने ढकललेलं क्रीम किनार धरून उभं राहतं. पॅलेट नाइफ आडवा धरून ते बाहेरून आत, मध्याकडे ओढायचं, दर वेळी पातं पुसून. मग फ्रिजमध्ये अर्धा तास. झालं का हे घड्याळाने नाही, बोटाने कळतं. स्वच्छ बोट हलकं टेकवलं तर क्रीम बोटाला लागता कामा नये आणि ठसा उमटता कामा नये. उन्हाळ्यात आमच्या फ्रिजला पाऊण तास लागला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. केक फ्रिजमध्ये तासन्‌तास पडून पार गारठला असेल तर शेवटचं क्रीम त्याला लागता क्षणीच आळतं, स्क्रेपर अडखळतो आणि बाजूवर उभे ओरखडे पडतात. अशा वेळी एसीत दहा मिनिटं थांबायचं. खालचा लेप घट्ट आणि वरचं क्रीम मलईसारखं मऊ, एवढाच मेळ हवा.

शेवटच्या थराबद्दल फारसं सांगण्यासारखं उरत नाही. उरलेलं क्रीम मशीनवर कमी वेगात पाच मिनिटं फिरवून आणि नंतर स्पॅच्युलाने भांड्याच्या बाजूला चेपून त्यातली हवा काढली. मग हवं त्यापेक्षा जास्त लावलं, बोटभर जाड, कारण जास्तीचं खरवडता येतं पण कमी पडलेलं भरताना ठिगळ दिसतं. स्क्रेपर बोर्डाच्या कडेला टेकवून फिरवला. राहिलेले दोन-तीन खळगे भरले आणि पुन्हा फिरवला. शेवटची फेरी स्क्रेपर गरम पाण्यात बुडवून, कोरडा पुसून. ओला स्क्रेपर साखर विरघळवतो आणि बाजूवर चट्टे येतात. बोर्डाचा काठ सगळीकडून सारखा उघडा दिसला की थांबायचं. एक फेरी अजून मारण्याचा मोह होतो, पण त्या फेरीतच खालचा लेप वर येतो.

पोचवताना केक खोक्यात बंद करूनच फ्रिजमधून बाहेर काढला आणि हॉलमध्ये वीस-पंचवीस मिनिटं खोकं उघडू दिलं नाही. मुंबईच्या दमट हवेत गार केक तसाच बाहेर आला तर त्याला घाम फुटतो, आणि घाम पुसायला गेलं की मेहनतीची बाजू गेली. खोकं बंद असलं की बरंचसं पाणी पुठ्ठ्यावर धरतं.

हे सगळं बटरक्रीमचं झालं. निम्म्या ऑर्डरी व्हिप्ड क्रीमच्या येतात, कारण लोकांना ते हलकं लागतं. ते फ्रिजमध्ये बटरक्रीमसारखं कडक होत नाही, त्यामुळे त्याचा क्रम्ब कोट चुरा धरतो पण आकार धरून ठेवत नाही. शिवाय पाच-सहा फेऱ्यांच्या वर स्क्रेपर फिरवला की ते रवाळ होऊन त्यात भोकं पडतात. तिथे मी काम कापण्यावर आणि रचण्यावर उरकते, आतला लेप डार्क गनाशचा लावते, दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम, तो घट्ट बसतो. गनाश नको असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते की बाजू आरशासारखी होणार नाही, आणि दातेरी कंगवा फिरवून आडव्या रेघा पाडते. रेघांचे पैसे वेगळे लावत नाही.